सुधारणेलाही गुण: सातवीच्या शारीरिक शिक्षणाचे मूल्यमापन बदलताना आलेला अनुभव

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात सातवीच्या एका तुकडीचे मूल्यमापन मी वेगळ्या पद्धतीने केले. मूल किती वेगाने धावते याबरोबरच, ते जुलैत कुठे होते आणि जानेवारीत कुठे पोहोचले, यालाही त्यात गुण होते. कल्पना सांगायला सोपी असली, तरी प्रत्यक्षात घड्याळ, गुणपत्रक, पाऊस, निवडणूक आणि मुलांची हुशारी असे सगळेच तिच्या आड येते. ज्यांना आपल्या शाळेत असे काही करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी हा वर्षाचा वृत्तांत तपशिलाने लिहीत आहे.

आधीची पद्धत बहुतेक शाळांत असते तशीच होती. वर्षाच्या शेवटी एकदा धावायला लावायचे, लांब उडी मारायला लावायची आणि तक्त्यावरून गुण द्यायचे. यात सातवीच्या वयाचा विचारच होत नाही. एकाच वर्गातील दोन मुलांच्या वयात जवळजवळ एक वर्षाचा फरक असू शकतो. त्यातच मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, तर मुलांचा चौदाव्याच्या आसपास येतो आणि तोही प्रत्येकाच्या बाबतीत दोन-दोन वर्षे मागेपुढे सरकतो. त्यामुळे तक्त्यावरचा गुण बऱ्याच अंशी जन्मतारखेला आणि शरीराच्या घडणीला मिळतो. जे मूल कधीच पहिल्या दहांत येणार नाही, त्याला वर्षभर मैदानावर घाम गाळण्याचे काही कारणच उरत नाही.

नियमांच्या बाजूने अडचण नव्हती, हे सुरुवातीलाच सांगते, कारण पहिली शंका तिथेच घेतली जाते. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानुसार पहिली ते आठवीसाठी कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांचे केवळ आकारिक मूल्यमापन करायचे असते. दैनंदिन निरीक्षण, प्रात्यक्षिक, उपक्रम यांसारखी साधनतंत्रे शिक्षकाने निवडायची असतात, शंभर गुणांवरून श्रेणी द्यायची असते आणि वर्णनात्मक नोंद करायची असते. जून महिन्यातच मी मुख्याध्यापकांना दीड पानांचे पत्र दिले. त्यात कोणत्या चाचण्या, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या चाचणीला किती गुण, एवढेच लिहिले होते. परीक्षा विभागप्रमुखांनी एकच प्रश्न विचारला आणि तो रास्त होता. प्रथम सत्राचा निकाल दिवाळीपूर्वी द्यायचा असतो, तेव्हा सुधारणा मोजायला वेळ कुठे आहे? म्हणून असे ठरले की प्रथम सत्रात सुधारणेला गुणच नसावेत. त्या सत्रात हालचालींच्या कौशल्यांना ६० आणि दैनंदिन निरीक्षणाला ४० गुण ठेवले, आणि द्वितीय सत्रात ६०० मीटर धावणे, पोटाच्या ताकदीसाठीची पार्शल कर्ल-अप, चेंडूफेक, उभ्याने लांब उडी व दैनंदिन निरीक्षण यांना प्रत्येकी २० गुण दिले. ही विभागणी पालकांच्या पहिल्या सभेतच वाचून दाखवा, कारण एप्रिलमध्ये समजावायला गेलो तर ती सारवासारव वाटते.

चाचण्या नव्याने शोधण्याची गरज नव्हती. खेलो इंडियाच्या चाचणीसंचात ९ ते १८ वयोगटासाठी शरीर-वस्तुमान निर्देशांक, ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकण्याची सिट अँड रीच, पार्शल कर्ल-अप आणि पुश-अप आहेत, आणि आमची शाळा त्या नोंदी तशाही भरते. त्यातील ६०० मीटर आणि कर्ल-अप या दोनच चाचण्या मी गुणांसाठी घेतल्या. ५० मीटर मुद्दाम वगळले. हाताने दाबलेल्या स्टॉपवॉचमध्ये एक-दोन दशांश सेकंदांची चूक सहज होते, आणि या वयातील मुलाची सहा महिन्यांतील खरी प्रगती बहुधा त्याहून फार मोठी नसते. शरीर-वस्तुमान निर्देशांकाला गुण देऊ नयेत, याबाबत तर माझे मत पक्के आहे. ती आरोग्याची नोंद आहे, ती मुलाला एकट्याला बोलावून घ्यावी आणि वर्गासमोर वाचू नये.

खर्च फार आला नाही. दोन स्टॉपवॉच, पन्नास मीटरची टेप आणि फक्कीची गोणी मिळून दीड हजारांच्या आसपास लागले, तर सिट अँड रीचची पेटी गावातील सुताराने प्लायवूडची करून दिली. वेतनेतर अनुदानातून पैसे मिळण्यासाठी कार्यालयाला पक्के बिल हवे होते आणि सुताराकडे बिलपुस्तक नव्हते. शेवटी व्हाउचरवर त्याची सही व मुख्याध्यापकांचा शेरा घेऊन ते मंजूर झाले, पण हातात पैसे यायला ऑगस्ट उजाडला. पेटीसारखी वस्तू करून घेणार असाल तर व्हाउचर चालेल का, हे लिपिकांना आधी विचारून घ्या.

मैदानावर फक्कीने १५० मीटरचा वर्तुळाकार मार्ग आखला, म्हणजे चार फेऱ्यांत ६०० मीटर होतात. पट ४६ असल्यामुळे दहा-बारा मुलांचे गट केले. प्रत्येक धावणाऱ्याला एक जोडीदार दिला. रेषा ओलांडली की मी वेळ मोठ्याने वाचायची आणि जोडीदाराने आपल्याच धावपटूची वेळ, प्रत्येक फेरीची, कागदावर लिहायची. पस्तीस मिनिटांच्या एका तासिकेत हे बसत नाही. गणिताच्या सरांशी तासिकेची अदलाबदल करून मी मंगळवारी सलग दोन तासिका मिळवल्या. दमा, हृदयाचा त्रास किंवा अलीकडचे आजारपण यांविषयी पालकांकडून आधीच लेखी घेतले होते. मुलींना कारण न सांगता चाचणी पुढच्या आठवड्यावर ढकलण्याची मुभा होती, आणि ही मुभा सगळ्यांसमोर पण सहजपणे जाहीर केली होती.

२ जुलैला पहिल्यांदा धावून घेतले ते केवळ सरावासाठी, त्याची नोंद गुणांसाठी धरायची नव्हती. ज्या मुलाने कधी ६०० मीटर धावलेलेच नाही, ते पहिली फेरी सुसाट पळते आणि तिसऱ्या फेरीत चालू लागते. दुसऱ्या वेळी तेच मूल थोडे सांभाळून धावते आणि वेळ कमी येते. ही दमाची सुधारणा नसते, चाचणीची ओळख झालेली असते. ती जर मूळ नोंदीनंतर झाली, तर जानेवारीत ती आयतीच प्रगती म्हणून गुणांत शिरते. त्यानंतर ९ आणि १६ जुलैला दोन मोजायच्या धावा झाल्या. एकाच आठवड्याच्या अंतराने दोनदा का, हे मला अनेकांनी विचारले, आणि या सगळ्या खटाटोपाचे मर्म तिथेच आहे.

एका आठवड्यात कोणाचाही दम वाढत नाही. तरीही एकाच मुलाच्या दोन धावांत फरक पडतोच. कोणी रात्री उशिरा झोपलेले असते, कोणी डबा खाऊन लगेच आलेले असते, कधी मैदानाचा एक कोपरा ओला असतो. हा फरक म्हणजे चाचणीचा स्वाभाविक चढउतार. तो किती आहे हे कळल्याशिवाय जानेवारीतला कोणता फरक खरा मानायचा, हे ठरवता येत नाही. दोन्ही धावा पूर्ण केलेली ४१ मुले होती. प्रत्येकाची दुसरी वेळ वजा पहिली वेळ असा फरक सेकंदांत एका स्तंभात मांडला आणि संगणकावर हे सूत्र दिले:

```
=STDEV(D2:D47)/SQRT(2)
```

फरकांचे प्रमाण विचलन सुमारे १० सेकंद आले, आणि त्याला दोनच्या वर्गमुळाने भागल्यावर एका धावेतील चढउतार साधारण ७ सेकंद निघाला. अनुपस्थित मुलांच्या चौकटी रिकाम्या सोडायच्या, तिथे शून्य लिहायचे नाही, कारण शून्य हा या सूत्राच्या दृष्टीने खरा फरक असतो. दोन्ही हंगामांत प्रत्येकी दोन धावा घेऊन त्यांतील चांगली वेळ धरायची असे ठरवले, तेव्हा दोन चांगल्या वेळांमधला योगायोगाचा फरक आठ सेकंदांच्या आसपास राहतो. म्हणून १० सेकंदांपेक्षा कमी बदलाला बदल म्हणायचे नाही, अशी रेघ मी ओढली. या रेघेनेही दहांतील एखाद्या मुलाला निव्वळ नशिबाने फायदा होतो. रेघ आणखी वर नेली असती तर खरी प्रगती केलेली बरीच मुले तिच्याखाली अडकली असती. या दोन अन्यायांपैकी पहिला मी पत्करला.

सरासरी न घेता चांगली वेळ घेण्याचे कारण मुलांच्या हुशारीत आहे. सुधारणेला गुण आहेत हे कळल्यावर, जुलैत मुद्दाम रमतगमत धावायचे आणि जानेवारीत जोर लावायचा, हा बेत आखायला त्यांना एक मधली सुट्टी पुरते. चांगली वेळ धरली की हा बेत दोन्ही दिवशी निभावावा लागतो. पण एवढ्याने भागत नाही, म्हणून नाडी मोजायची व्यवस्था केली. रेषा ओलांडताच जोडीदाराने धावपटूच्या मनगटावर किंवा मानेच्या बाजूला बोटे ठेवायची आणि माझ्या शिट्टीपासून शिट्टीपर्यंत, म्हणजे १५ सेकंदांत, ठोके मोजायचे. मनापासून धावलेल्या या वयाच्या मुलाचे ठोके त्या पंधरा सेकंदांत ४५ ते ५० च्या घरात येतात, म्हणजे मिनिटाला १८० ते २००. रमतगमत आलेल्याचे ३०-३५ भरतात. थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते, त्यामुळे मोजणी पहिल्या काही सेकंदांतच सुरू व्हायला हवी. आधी दोन तासिका मुलांना नुसती नाडी शोधायला शिकवावी लागली. ज्यांचे ठोके ३८ च्या आत आले त्यांना, कसलाही आरोप न करता, गुरुवारी पुन्हा धावायला सांगितले. फेऱ्यांच्या वेळाही बोलतात. दोन मैत्रिणींच्या चारही फेऱ्यांच्या वेळा तंतोतंत सारख्या असतील आणि चारही फेऱ्या एकाच चालीने झाल्या असतील, तर त्या गप्पा मारत आल्या आहेत, हे कागदच सांगतो.

आता गुणांचे गणित. नुसते सेकंद मोजले तर वेगवान मुलांवर अन्याय होतो, कारण जो आधीच चांगला धावतो त्याला सुधारायला जागा कमी असते. म्हणून आधीच्या काही वर्षांच्या आमच्याच नोंदवहीतील सातवीच्या चांगल्या वेळा पाहून मी मुलींसाठी २ मिनिटे ३० सेकंद आणि मुलांसाठी २ मिनिटे १० सेकंद हा संदर्भ धरला. मुलाची जुलैची वेळ आणि हा संदर्भ यांतील अंतराचा चौथा भाग हे त्याचे उद्दिष्ट, मात्र कोणाचेही उद्दिष्ट २५ सेकंदांपेक्षा मोठे ठेवायचे नाही. २० पैकी ६ गुण जानेवारीतील प्रत्यक्ष पातळीला, तीन टप्प्यांत २, ४ किंवा ६ असे, आणि उरलेले १४ बदलाला. बदल १० सेकंदांच्या आत असेल तर १४ पैकी ७, उद्दिष्ट गाठले तर पूर्ण १४, मधल्यांना प्रमाणात.

एक उदाहरण पूर्ण मांडते. हजेरी क्रमांक ३१ च्या मुलीची जुलैतील चांगली वेळ ३ मिनिटे ५० सेकंद, म्हणजे २३० सेकंद होती. संदर्भापासूनचे अंतर ८० सेकंद, म्हणून उद्दिष्ट २० सेकंदांचे. जानेवारीत तिने ३ मिनिटे ३४ सेकंद घेतले, म्हणजे १६ सेकंदांची सुधारणा झाली. १० सेकंदांच्या रेघेवर ६ सेकंद, आणि रेघ ते उद्दिष्ट हे अंतर १० सेकंदांचे. म्हणून ७ अधिक ७ गुणिले सहा दशांश, म्हणजे ११.२, पूर्णांकात ११. पातळी सर्वांत खालच्या टप्प्यात असल्याने २ गुण. एकूण २० पैकी १३. जुन्या तक्त्यात तिला याच वेळेला ६ मिळाले असते. तिच्या फेऱ्या पाहिल्या तर आणखी काही कळते. जुलैत त्या ४२, ६०, ७० आणि ५८ सेकंदांच्या होत्या, जानेवारीत ४८, ५४, ५७ आणि ५५. पहिली फेरी तिने मुद्दाम हळू केली आणि तिसऱ्या फेरीतील चालणे बंद झाले. म्हणजे तिची सुधारणा थोडी दमाची आणि थोडी वेग राखण्याच्या समजुतीची आहे. वेग राखणे हेही धावण्यातले शिकणेच असल्याने त्याला गुण द्यायला माझी हरकत नव्हती, पण वर्णनात्मक नोंदीत मी ते तसेच लिहिले.

याच गणिताला एक कोपरा असा आहे की तिथे ते चालतच नाही. हजेरी क्रमांक ८ ची मुलगी तालुका स्तरावर धावते. तिची जुलैची वेळ २ मिनिटे ४६ सेकंद, संदर्भापासून अंतर १६ सेकंद, चौथा भाग ४ सेकंद. चार सेकंदांची सुधारणा तिने केली, तरी ती सात सेकंदांच्या चढउतारात दिसणारच नाही. ज्यांचे अंतर ४० सेकंदांपेक्षा कमी आहे त्या सगळ्यांचे असेच होते. त्यांच्यासाठी वेगळा नियम केला: पातळी टिकवली, म्हणजे जुलैपेक्षा १० सेकंदांहून अधिक घसरण झाली नाही, तर १४ पैकी १४. तिने जानेवारीत २ मिनिटे ४९ सेकंद घेतले आणि तिला पूर्ण २० मिळाले. अर्थात २ मिनिटे ५५ सेकंदांत धावणारी आणि वर्षभर फारसे काही न करणारी मुलगीही या नियमाने सुटते. ही या पद्धतीची उघड मर्यादा आहे, आणि घड्याळाच्या भरवशावर तिला उत्तर नाही.

उंचीची वाढ आणि हवामान यांचे काय करायचे, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. जुलैत आमच्याकडे पाऊस बेताचा असला तरी हवा दमट असते, जानेवारीत सकाळ थंड आणि मैदान टणक असते, शिवाय मुले सहा महिन्यांनी मोठी झालेली असतात. संपूर्ण वर्गाचा बदल क्रमाने लावून मधली किंमत पाहिली तर ती सुधारणेच्याच बाजूला येते, आणि तिचा काही भाग कोणत्याही शिकवण्याशिवाय आलेला असतो. ही मधली किंमत प्रत्येकाच्या बदलातून वजा करावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मी ते केले नाही, कारण वजाबाकी केली की अर्धा वर्ग आपोआप ‘सुधारला नाही’ ठरतो आणि गुण पुन्हा एकमेकांशी तुलना करून मिळू लागतात, म्हणजे ज्यापासून सुटायचे होते तिथेच परत येणे. त्याऐवजी निकालाच्या टिपणात मी स्पष्ट लिहिले की या सुधारणेत वाढीचा आणि ऋतूचा वाटा आहे, आणि ती सगळी माझ्या तासिकांमुळे झाली असा त्याचा अर्थ नाही.

वाढीमुळे उलटेही होते. सिट अँड रीच ही चाचणी मी नोंदीपुरतीच ठेवली होती, आणि ते बरे झाले. हजेरी क्रमांक १७ चा मुलगा सहा महिन्यांत ५ सेंटिमीटर वाढला आणि त्याची बोटे पेटीवर जुलैपेक्षा ३ सेंटिमीटर मागे राहिली. वाढीच्या झपाट्यात पाय धडाच्या आधी लांबतात, त्यामुळे लवचिकता तीच असली तरी पोहोच कमी दिसते. अशा मुलाचे गुण कापणे म्हणजे उंच झाल्याचा दंड आकारणे होय. कर्ल-अपबद्दल एवढेच सांगते की, जोडीदार उदारपणे मोजतात. चटईवर चिकटपट्टी लावून, बोटे पट्टीच्या पलीकडे गेली तरच एक धरायचा, असे केल्यावर आकडे एकदम खाली आले आणि विश्वासार्ह झाले.

चेंडूफेकीत अंतर मोजलेच नाही. अंतरात खांद्याची ताकद येते, आणि फेक शिकली की नाही हे त्यातून कळत नाही. खांद्यावरून फेकण्याचे चार निकष ठरवले: हात आधी खाली-मागे जातो का, कंबर व खांदा वळून फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूचे अंग लक्ष्याकडे येते का, विरुद्ध पाय पुढे पडतो का, आणि चेंडू सुटल्यावर हात शरीरापुढून विरुद्ध कमरेकडे जातो का. प्रत्येक मुलाच्या दोन फेकी पाहायच्या आणि निकष दिसला तर १, नाही तर ०, म्हणजे एकूण ८. जुलैत अनेक मुली २ किंवा ३ वर होत्या. त्यांच्यात ताकदीची कमतरता नव्हती, त्यांना कधी कोणी चेंडू फेकायला दिलेलाच नव्हता, आणि विरुद्ध पाय पुढे टाकण्याचा निकष तर जमिनीवर फक्कीने पाऊल काढून दिल्यावर काही आठवड्यांत आला. जे निकष जुलैत नव्हते त्यांपैकी निम्मे जानेवारीत दोन्ही फेकींत दिसले तर सुधारणेचे १२ पैकी १२, आणि उरलेले ८ गुण जानेवारीच्या पातळीला. उभ्याने लांब उडीलाही हाच साचा वापरला.

इथे घड्याळ नाही, म्हणून चढउतार पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. पालकांची लेखी परवानगी घेऊन मी काही मुलांच्या फेकी मोबाइलवर टिपल्या, आणि त्याच चित्रफिती पाहून स्काउटच्या सरांनी स्वतंत्रपणे गुण दिले. पायाच्या निकषावर आमचे जवळजवळ नेहमी जुळले, कंबर वळण्यावर मात्र वारंवार बिनसले. दोन बदलांनी ते सुधारले. मुलाच्या मागे उभे न राहता फेकणाऱ्या हाताच्या बाजूला उभे राहायचे, आणि एका फेकीत चारही गोष्टी शोधण्याऐवजी एका वेळी एकच निकष पाहायचा. त्यासाठी प्रत्येकाला दोनपेक्षा जास्त फेकी द्याव्या लागतात, पण चेंडू फेकायला कोणतेच मूल कंटाळत नाही. निकाल लागल्यावर चित्रफिती पुसून टाकल्या.

दिवाळीनंतर नोव्हेंबरात एक मधली चाचणी घेण्याचे ठरवले होते, ते निम्मेच झाले. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते, आमची शाळा मतदान केंद्र होती आणि शिक्षक प्रशिक्षणाला जात होते. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमींनी मैदान घेतले. त्यामुळे अंतिम धावा २१ आणि २८ जानेवारीला झाल्या. वेळापत्रक आखताना मैदान प्रत्यक्षात किती आठवडे मिळेल हे कॅलेंडरवर नव्हे, तर शाळेच्या मागील वर्षाच्या सूचनावहीत पाहावे.

एप्रिलमधील पालकसभेत क्रमांक ८ च्या मुलीचे वडील म्हणाले, “मॅडम, माझी पोरगी सगळ्यांच्या पुढं पळते आणि त्या पोरीचे नि हिचे कर्ल-अपचे गुण सारखे कसे?” मी दोघींचे तक्ते, दुसरीचे नाव झाकून, त्यांच्यापुढे ठेवले. मुलीच्या कर्ल-अपचा जुलैचा आणि जानेवारीचा आकडा जवळपास तोच होता, दुसरीचा बराच वाढलेला. त्यांनी तक्ता दोनदा पाहिला आणि, “म्हणजे हिनं पोटाचा व्यायाम केलाच नाही,” असे मुलीकडे बघत म्हणाले. त्यांना पद्धत पूर्ण पटली असे मी म्हणणार नाही, कारण जाताना त्यांनी स्पर्धेचे प्रमाणपत्र गुणांत धरता येईल का, हेही विचारले. ते धरले नाही. स्पर्धेची नोंद प्रगतिपुस्तकात वेगळ्या ओळीत करता येते आणि तशी केली.

पुढच्या वर्षासाठी दोन बदल मी पत्रात आधीच लिहून दिले आहेत. ज्यांचे संदर्भापासूनचे अंतर ४० सेकंदांच्या आत आहे त्यांना ६०० मीटरच्या वेळेऐवजी फेऱ्यांचा समतोल दाखवायला सांगायचे, म्हणजे चारही फेऱ्या एकमेकींपासून ५ सेकंदांच्या आत, नाडीचे ठोके मात्र ४५ च्या वर. आणि चढउताराचे सूत्र पुढच्या तुकडीसाठी नव्याने चालवायचे, कारण ७ सेकंद हा आकडा आमच्या मैदानाचा, त्या मुलांचा आणि माझ्या घड्याळाचा आहे, तो दुसऱ्या शाळेने उसना घेऊ नये. हीच मुले आठवीत दुसऱ्या सरांकडे गेली, तेव्हा त्यांना संपूर्ण फाइल देताना एक सूचना वर लिहून दिली: जानेवारीची वेळ पुढच्या जुलैची सुरुवात म्हणून धरू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत दम उतरतो आणि उंची वाढते, म्हणून सराव धाव आणि दोन मोजायच्या धावा पुन्हा घ्याव्यात.